आधी लॉक, मग काटे, शेवटी अक्षरं

पत्र: माझी आई १९९३ पासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ३१ मे २०२६ ला ती निवृत्त होतेय. आम्ही तिघं भावंडं मिळून तिला घड्याळ देणार आहोत, बारा हजारांपर्यंत. मागच्या बाजूला काहीतरी कोरून घ्यायचं आहे. तिचं मनगट बारीक आहे, उजव्या अंगठ्याचं मूळ दुखतं आणि चष्मा सारखा वर-खाली होतो. धाकट्या भावाला नाजूक सोनेरी ब्रेसलेटचं घड्याळ आवडलंय. थोरला म्हणतो देवनागरी आकड्यांचं जुनं एचएमटी मागवू. माझं म्हणणं, मोठ्या डायलचं घ्यावं. तिला काहीच सांगितलेलं नाही. कोणतं घ्यावं आणि कोरायचं काय?
— राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: कोरण्याचा विचार तुम्ही तिघांनी आधी सुरू केला आहे, पण तो सगळ्यात शेवटी करायचा असतो. मागच्या झाकणावर एकदा अक्षर उमटलं की दुकानदार ते घड्याळ बदलून देत नाही. म्हणून घड्याळ आईंच्या हाताला आणि डोळ्यांना जमतंय हे नक्की झाल्याशिवाय त्याला सुई किंवा लेसर लावू देऊ नका. यासाठी एक तडजोड करावी लागेल. घड्याळ देणार आहोत हे त्यांना सांगा आणि दुकानात सोबत न्या. मागे काय कोरणार, तेवढं गुपित ठेवा.

पहिली पारख लॉकची. बहुतेक लोक डायल बघून घड्याळ निवडतात आणि पट्टा कसा बंद होतो हे घरी आल्यावर बघतात. अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर त्रास होतो तो चिमटीत धरण्याचा. चामड्याच्या पट्ट्याचं साधं बक्कल लावताना पट्ट्याचं टोक चिमटीत ओढायचं, ताणून धरायचं आणि सुई भोकात बसवायची, हे सगळं एका हाताने करावं लागतं. घड्याळ डाव्या हातात असेल तर हे काम उजव्या हाताला पडतं, म्हणजे आईंच्या नेमक्या दुखऱ्या अंगठ्याला. उजव्या हातात घड्याळ घालून डाव्याने लावणं हा एक मार्ग आहे आणि काहींना तो जमतोही. पण चाळीसेक वर्षांची सवय मोडायला लावण्याआधी लॉक बदलून बघावं.

धाकट्या भावाने पसंत केलेल्या नाजूक ब्रेसलेटला बहुधा दागिन्यासारखं बारीक लॉक असेल. त्याची पट्टी नखाने उचकटावी लागते आणि ते दुखऱ्या हाताला सगळ्यात जड जातं. दोन्ही बाजूंनी फुलपाखरासारखं उघडणारं लॉक दिसायला छान असतं, पण त्यात सहसा बारीक फेरफाराची सोय नसते. ब्रेसलेट सैल-घट्ट करायचं तर अख्खी कडी काढावी किंवा घालावी लागते. मनगट मात्र सकाळी आणि संध्याकाळी सारखं नसतं. उन्हाळ्यात, दिवसभर उभं राहिल्यावर, काही औषधांमुळे ते थोडं फुगतं. तेवढ्याच फरकासाठी कडी काढली तर घट्ट होतं, ठेवली तर घड्याळ मनगटाखाली फिरतं. जाळीच्या पट्ट्याचं लॉक हवं तिथे सरकवता येतं खरं, पण सरकवायला बारीक पेचकस किंवा नख लागतं. स्प्रिंगचा ताणणारा पट्टा घालायला सगळ्यात सोपा. मात्र त्याच्या कड्यांत हातावरची लव अडकते आणि वयाबरोबर पातळ झालेल्या कातडीला चिमटे बसतात. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर अशा चिमट्यांनी जांभळे डाग पडतात. तसं असेल तर स्प्रिंगचा पट्टा नकोच.

तुमच्या वर्णनावरून आम्ही सुचवू ते असं: मऊ चामड्याचा पट्टा आणि त्याला घडीचं लॉक, ज्याच्या दोन्ही कडांना दाबायची बटणं असतात. पट्ट्याचं भोक दुकानातच एकदा ठरवून घ्यायचं. त्यानंतर रोज फक्त लॉक उघडायचं आणि मिटायचं. उघडल्यावरही पट्ट्याचं कडं तुटत नाही, त्यामुळे घालताना घड्याळ हातातून निसटून फरशीवर पडत नाही. मिटायला चिमटीची गरज नसते, मनगटाची आतली बाजू टेबलावर किंवा मांडीवर दाबली की ते बसतं. उघडताना दोन बटणं एकदम दाबावी लागतात, आणि खरी परीक्षा तिथेच होते. दुकानात आईंना सलग पाच वेळा उघडायला-मिटायला सांगा. तिसऱ्यांदा चेहरा आक्रसला तर ते लॉक बाद. दोन भोकांच्या मध्येच बरोबर बसत असेल तर दुकानदार मध्ये एक भोक पाडून देतो. बरोबर बसतंय की नाही हे करंगळीने कळतं. ती पट्ट्याखाली सहज जायला हवी, पण अंगठा जाता कामा नये.

कोल्हापुरात एक अडचण ठरलेलीच आहे. मे संपला की पाऊस सुरू होतो आणि चामड्याचा पट्टा ओला होऊन वास मारायला लागतो, कपाटात ठेवला तर बुरशी धरतो. म्हणून पट्टा बदलता येईल असंच घड्याळ घ्या. केस म्हणजे घड्याळाचं धातूचं कवच, आणि तिची शिंगं म्हणजे पट्टा ज्यांत अडकतो ती टोकं. या शिंगांमधलं अंतर १४ किंवा १६ मिलिमीटर असं ठोक मापाचं आणि सरळ असावं. काही घड्याळांत पट्टा केसमध्येच मिसळलेला असतो. तसं असेल तर त्याच कंपनीचा पट्टा शोधत बसावं लागतं. पावसाळ्यासाठी त्याच मापाचा एक सिलिकॉनचा पट्टा आत्ताच घेऊन ठेवा. त्यावरही घडीचंच लॉक बसवून मिळतं का ते विचारा, नाहीतर जूनपासून परत चिमटीचा कार्यक्रम. दहा-बारा मिलिमीटरचा अरुंद पट्टा दिसतो नाजूक, पण सगळा दाब एका रेषेवर देतो आणि संध्याकाळी कातडीवर वळ उठवतो.

आता आकार. आई बांगड्या घालत असतील तर बांगडीच्या मापावरून अंदाज बांधू नका. २.४ ची बांगडी म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, साधारण ५७ मिलिमीटर. तिचा घेर जवळपास १८ सेंटीमीटर होतो, कारण बांगडी पंज्याच्या सगळ्यात रुंद भागावरून जावी लागते. त्याच बाईचं मनगट साडेचौदा-पंधरा सेंटीमीटरचं असू शकतं. मापासाठी कागदाची पट्टी घ्या आणि मनगटाच्या उंच हाडाच्या मागे, कोपराकडच्या बाजूला गुंडाळा. माप सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा घ्या. पट्ट्याचं भोक संध्याकाळच्या मापाने ठरवा.

मोठ्या डायलचा तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याला मर्यादा आहे. मनगट साडेचौदा सेंटीमीटर धरलं तर ३२ ते ३४ मिलिमीटर व्यासाची केस चांगली. एका बाजूच्या शिंगांच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या टोकापर्यंतचं अंतर ४० च्या आसपास, आणि जाडी ९ च्या आत. शिंगं मनगटाबाहेर डोकावली तर पट्टा सरळ खाली लोंबतो आणि घड्याळ डुगडुगतं. जाडी जास्त असली तर चावीची गुंडी हाताच्या मागच्या बाजूला रुतते. हे तपासायला आईंना दुकानात तळहात टेबलावर टेकवून थोडा भार द्यायला सांगा, परातीत कणीक मळतात तसा. गुंडी टोचली तर लगेच कळेल. हातात बांगड्या असतील तर घड्याळ दुसऱ्या हातात घालावं, नाहीतर काचेवर आणि केसवर चरे पडत राहतात.

डोळ्यांची परीक्षाही त्याच दुकानात घ्या, मात्र तिथल्या दिव्यांखाली नको. शोरूममधले दिवे चकचकीत काट्यांवर पडतात आणि सगळीच घड्याळं ठळक दिसतात. दाराजवळ उजेडात बघा, मग सावलीत बघा. दोन्ही वेळा चष्मा काढून आणि घड्याळ नेहमीच्या अंतरावर धरून. आणखी एक युक्ती माहीत असू द्या. दुकानातल्या बहुतेक घड्याळांत दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपासची वेळ लावलेली असते. त्या वेळी दोन काटे दूर-दूर असतात, म्हणून वाचणं सोपं जातं. तुम्ही दुकानदाराला दोन वाजून अकरा मिनिटं किंवा सहा वाजून तेहतीस मिनिटं लावायला सांगा. काटे एकमेकांवर आले की लांबी आणि जाडीतला फरक पुरेसा आहे का ते उघड होतं. आईंनी दोन-तीन सेकंदांत न अडखळता वेळ सांगितली तर घड्याळ पास.

काय शोधायचं ते सांगतो. पांढरी किंवा फिकट, चमक नसलेली डायल. तिच्यावर काळे किंवा गडद निळे काटे. मिनिटकाटा बाहेरच्या खुणांपर्यंत पोचणारा, तासकाटा त्याहून स्पष्ट आखूड आणि जाड. बाराही आकडे असतील तर उत्तम. चंदेरी डायलवर चंदेरी काटे, शिंपल्याची चमकती डायल, आकड्यांच्या जागी खडे, हे सगळं बायकांच्या घड्याळांत भरपूर मिळतं आणि साठीजवळच्या डोळ्यांना सगळ्यात वाईट. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर उजेडाची तिरीप आणखी फाकते, मग अशी डायल नुसती चमकत राहते. फुगीर काचेपेक्षा सपाट काच बरी. नीलमणी काचेवर चरे कमी पडतात, पण तिच्यावर प्रतिबिंब रोखणारा थर नसेल तर तीही आरशासारखी चमकते. म्हणून काचेचं नाव ऐकून भुलू नका, डायल दिसते का ते बघा.

तारखेची खिडकी नसलेलंच घ्या. एवढ्या लहान डायलवर तारखेचा आकडा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा असतो, तो चष्म्याशिवाय दिसत नाही. शिवाय ३१ पेक्षा कमी दिवसांचे पाच महिने वर्षात येतात. त्या प्रत्येक वेळी गुंडी नखाने अर्धी बाहेर ओढून तारीख पुढे सरकवायची. दुखऱ्या अंगठ्याला हे काम कशाला लावायचं?

आतलं यंत्र साधं क्वार्ट्झचं, सेलवर चालणारं घ्या. दोन-तीन वर्षांनी सेल बदलला की झालं. बंद पडलेला सेल मात्र आत तसाच ठेवू नये, तो पाझरला तर यंत्र खराब होतं. हाताच्या हालचालीवर चालणारं ऑटोमॅटिक या वयाला आम्ही सुचवत नाही. निवृत्तीनंतर हालचाल कमी झाली किंवा दोन दिवस घड्याळ काढून ठेवलं की ते थांबतं, आणि परत वेळ लावायला पुन्हा ती गुंडी.

थोरल्या भावाचं एचएमटी मनाला भिडणारं आहे यात शंका नाही. देवनागरी आकड्यांची ‘जनता’ आजही लोक हौसेने घालतात. पण ती चावीची असते, रोज बारीक गुंडी दोन बोटांत धरून फिरवावी लागते. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. तेव्हापासून ऑनलाइन विकली जाणारी बरीच ‘जुनी’ घड्याळं वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून आणि डायल नव्याने रंगवून तयार केलेली असतात. अशा डायलवर आकड्यांच्या कडा पसरलेल्या दिसतात, खुणा आणि आकडे एका रेषेत नसतात. भावाला हौस असेल तर त्याने ते स्वतःसाठी घ्यावं.

सोनेरी घड्याळाबद्दल एक गोष्ट झाकणावरच लिहिलेली असते, ती नीट वाचा. ‘स्टेनलेस स्टील बॅक’ एवढंच लिहिलं असेल तर फक्त झाकण स्टीलचं, बाकी केस बहुधा पितळेची किंवा दुसऱ्या हलक्या धातूची आणि वर मुलामा. घामाने तो मुलामा शिंगांच्या कडेला आणि खालच्या बाजूला आधी झिजतो. मग आतला धातू कातडीला लागतो आणि खाज सुटते. ‘ऑल स्टेनलेस स्टील’ असं असेल तर केसही स्टीलची. सोनेरीच हवं असेल तर स्टीलच्या केसवर सोनेरी थर दिलेलं घ्या, थर झिजला तरी खाली स्टीलच असेल.

घड्याळ घेतल्यावर आईंना ते आठवडाभर घालू द्या, पण विकत घेतानाच ‘इतक्या दिवसांत बदलून मिळेल’ असं बिलावर लिहून घ्या. या आठवड्यात झाकणावरची प्लास्टिकची पातळ फिल्म काढू नका. आठवडा चांगला गेला की मग कोरायचं.

झाकण काच बसवलेलं असेल, म्हणजे आतलं यंत्र दिसत असेल, तर मधोमध कोरता येत नाही. बंद झाकण बहुधा दोन तऱ्हांचं असतं: दाबून बसवलेलं आणि आट्यांनी फिरवून घट्ट केलेलं. दाबून बसणाऱ्याला बहुधा एक खाच असते, त्यामुळे ते दर वेळी एकाच दिशेने बसतं. आट्यांचं झाकण जिथे घट्ट होईल तिथे थांबतं. म्हणून ते उघडण्याआधीच बाराच्या बाजूला बारीक मार्करची खूण करा आणि अक्षरं त्या खुणेला धरून आखायला सांगा. हे विसरलं तर मजकूर तिरका बसतो आणि नंतर काही करता येत नाही. गुजरीत किंवा भांडीवाल्यांकडे नावं घालणारे कारागीर असतात. त्यांची थरथरती सुई पातेल्यासाठी ठीक आहे. घड्याळाच्या झाकणावर, आणि तेही यंत्र आत असताना, ती चालवू देऊ नका. झाकण सुटं करून लेसरने कोरून घ्या. ट्रॉफी आणि नामफलक करणाऱ्यांकडे ते यंत्र असतं. उद्यमनगरात सुट्या भागांवर क्रमांक घालून देणारेही असतात. नुसती काळी केलेली अक्षरं पृष्ठभागावरच असतात आणि घामाने फिकी पडू शकतात. थोडी खोली देऊन कोरायला सांगा, मात्र झाकण पातळ असेल तर खोलीचा हट्ट नको. आधी स्टीलच्या टाकाऊ तुकड्यावर नमुना काढून बघा.

मजकूर कागदावर मापून घ्या. समजा झाकण २७ मिलिमीटरचं आहे. कडेला कंपनीची अक्षरं गोल लिहिलेली असतात, म्हणून मधली मोकळी जागा १८ मिलिमीटरच्या वर्तुळाएवढीच उरते. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून एका ओळीला ३ मिलिमीटर उंची धरा, आणि दोन ओळींमध्ये १ मिलिमीटर. अशा तीन ओळी बसतात. मधल्या ओळीला साधारण १७ मिलिमीटर लांबी मिळते, वरच्या-खालच्या ओळींना गोलाईमुळे १४ च. त्यात सात-आठ अक्षरं येतात, त्याहून जास्त घातली तर आईंना भिंग लागेल. म्हणजे ‘आदरणीय मातोश्रींना सेवानिवृत्तीनिमित्त सस्नेह भेट’ हे विसरा. आम्ही असं घालू: वर ‘आई’, मध्ये ‘१९९३–२०२६’, खाली तिघांची नावं मावत नाहीत म्हणून तिघांची पहिली अक्षरं. ‘आई’ऐवजी ‘बाई’ घालावंसं वाटलं तर तेही छान, तेहतीस वर्षं मुलांनी त्यांना त्याच नावाने हाक मारली असणार. सासर-माहेरची पूर्ण नावं, पदवी, शाळेचं नाव नको.

चूक होते ती फॉन्टमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून मजकूर पाठवला आणि कोरणाऱ्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार सुटतो, जोडाक्षर तुटून पाय मोडलेलं दिसतं. म्हणून जवळच्या डीटीपीवाल्याकडून कोरलमध्ये मजकूर लावून कर्व्ह करून घ्या. मग अक्षरं चित्र म्हणून जातात आणि बदलत नाहीत. फॉन्ट मध्यम जाडीचा निवडा. फार जाड घेतला तर ‘ढ’, ‘ष’ सारख्या अक्षरांची पोटं भरून जातात आणि शिरोरेषेला मात्रा चिकटतात. फार बारीक घेतला तर कोरलेलं दिसतच नाही. कर्व्ह केलेलं चित्र खऱ्या मापात कागदावर छापा आणि घरातल्या चष्मेवाल्या कुणाला तरी वाचायला द्या, आई सोडून.

झाकण परत बसवताना आतली रबरी रिंग नवी घालायला सांगा, तिच्यावर सिलिकॉन ग्रीस लावून. दाबून बसणारं झाकण अंगठ्याने नव्हे, प्रेसमध्ये बसवायला हवं. रिंग चेमटली तर पहिल्या पावसात काचेखाली वाफ धरते. आधीच तपासायचं असेल तर घड्याळ थोडा वेळ मनगटावर गरम होऊ द्या, मग काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा. मिनिटभराने थेंब पुसल्यावर आतून धुक्याचा डाग दिसला तर आत ओल आहे, घड्याळ लगेच परत न्या. डायलवर ‘३० मीटर’ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे, आंघोळ नव्हे.

वेळेचा हिशोब उलटा मोजा. एप्रिलच्या शेवटी घड्याळ घ्या, मेचा पहिला आठवडा आईंच्या हातात राहू द्या, दुसऱ्या आठवड्यात ‘पट्टा बदलायला नेतो’ म्हणून घेऊन जा आणि विसाव्या तारखेपर्यंत कोरून झालेलं घरात असू द्या. चुकीची अक्षरं पडलीच तर नवं झाकण मागवायला तेवढे दिवस लागतील. ते झाकण सुटं मिळतं का, हे घड्याळ विकत घेतानाच विचारून ठेवा.